समोरची व्यक्ती रडते आहे आणि काय बोलावं ते सुचत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न पहिल्या पंधरा-वीस मिनिटांपुरते आहेत. समोर मोठं माणूस आहे, अचानक रडू फुटलं आहे आणि जवळ नेमके तुम्हीच आहात. दीर्घकाळचं दुःख किंवा लहान मुलांचं रडणं हे वेगळे विषय आहेत, त्यांत इथे शिरत नाही.

पहिलं वाक्य काय बोलायचं?

जवळजवळ काहीही चालतं. "मी आहे इथे." "बोलायची घाई नाही." किंवा सरळ, "काय बोलावं मला सुचत नाहीये, पण मी बसतो इथे." हे शेवटचं वाक्य बोलायला बहुतेकांना संकोच वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र ते खरं वाटतं, आणि त्या क्षणी तेवढं पुरतं.

लोक अडतात ते चांगलं वाक्य शोधण्यात. शोधता शोधता चेहरा दगडासारखा होतो आणि रडणाऱ्याला वाटतं, आपण याला अवघडून टाकलं. खरं तर पहिलं वाक्य कुणाच्या लक्षातही राहत नाही. बिघडतं ते दुसऱ्या वाक्यात, म्हणजे समोरचा काहीतरी पुटपुटतो आणि त्यावर तुम्ही जे बोलता तिथे.

समजा मैत्रीण म्हणाली, "मला नाही झेपत आता हे." यावर "अगं, तू तर किती खंबीर आहेस!" असं आपण प्रेमानेच म्हणतो. तिला त्यातून कळतं एवढंच, की न झेपणं मान्य नाही. "चल, बाहेर जाऊन येऊ, बरं वाटेल" यात तिचं दुःख नाकारलेलं नाही, पण ते बाजूला सारलंय. "खूप दिवस एकटीच ओढत होतीस ना हे सगळं?" असं म्हटलं की तिला पुढे बोलायला वाट मिळते. ब्रँट बर्लसन या अमेरिकी अभ्यासकाने सांत्वनाच्या बोलण्याची साधारण अशीच प्रतवारी लावली होती: भावना नाकारणारं, मान्य करून दुसरीकडे वळवणारं, आणि ती उलगडायला मदत करणारं. तिसरं सगळ्यात उपयोगी पडतं, आणि त्यासाठी हुशार वाक्य लागत नाही. तिचाच धागा धरून एक पाऊल पुढे जायचं, एवढंच.

"रडू नकोस ना" म्हणण्यात काय वाईट आहे? सगळेच तर म्हणतात.

म्हणतात, आणि मायेने म्हणतात. जुन्या जवळच्या माणसाने पाठीवर हात ठेवून म्हटलं तर त्यातली माया पोचतेही. पण शब्द म्हणून ती सूचना आहे, आणि हुंदके हुकमावर थांबत नाहीत. मग समोरच्यावर दुसरं ओझं पडतं: रडू आवरायचं, तुमच्यासाठी. श्वास कोंडून, ओठ आवळून तो "नाही, ठीक आहे मी" म्हणतो, आणि आपल्याला वाटतं आपण त्याला शांत केलं.

"होईल सगळं नीट" हे त्याचंच भावंड. नीट होईल की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते तुम्हाला ठाऊक नाही हे समोरच्याला ठाऊक आहे. "निदान" या शब्दापासूनही जपा. "निदान तुला दुसरी नोकरी तरी आहे", "निदान फार त्रास तरी झाला नाही त्यांना". ही वाक्यं खरी असू शकतात. पण ती म्हणायचा हक्क रडणाऱ्याचा आहे, आपला नाही.

रडल्याने मन हलकं होतं ना? मग नुसतं रडू दिलं तर?

होतं, पण लगेच नाही आणि दर वेळी नाही. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स यांनी रडण्याचा बराच अभ्यास केला आहे. 2015 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना दुःखी चित्रपट दाखवले. जे रडले त्यांची मनःस्थिती लगेच आधीपेक्षा खालावली. साधारण 20 मिनिटांनी ती पूर्वपदावर आली, आणि 90 मिनिटांच्या सुमारास आधीपेक्षा बरी झाली. चित्रपट पाहून आलेलं रडू आणि आयुष्यातलं रडू एक नव्हे, हे खरं. तरी यातून एक साधी गोष्ट घेता येते. डोळे पुसल्यापुसल्या "आता बरं वाटतंय ना?" असं विचारू नका. त्या वेळी खरं उत्तर बहुधा "नाही" असतं, आणि तुमचं मन राखायला माणूस "हो" म्हणतो.

रडून बरं वाटणं हे जवळच्या माणसाच्या वागण्यावरही अवलंबून असतं. आधार मिळाला तर हलकं वाटतं, शरमिंदं व्हावं लागलं तर आधीपेक्षा जड. म्हणजे नुसतं रडू देणं पुरतं, फक्त ते रडू देताना तुम्ही घड्याळ, फोन किंवा दार बघत नसलात तर.

गप्प किती वेळ बसायचं? शांतता खायला उठते.

तुम्हाला खायला उठते, समोरच्याला बहुतेक वेळा नाही. हुंदके येत असताना श्वास तुटक होतो, घसा आवळतो, आवंढा गिळवत नाही. अशा वेळी बोलायचं म्हटलं तरी शब्द फुटत नाहीत. तेव्हा तुमची शांतता म्हणजे दिलेली सवड. स्वतःचे दहा सावकाश श्वास मोजा. तेवढा वेळ बसता आलं की पुढचं सोपं जातं. तुमचाच श्वास संथ झाल्याने तुमची चुळबुळही थांबते.

शांतता कामी येते आहे हे कळतं कसं? समोरच्याचा श्वास लांब होतो, खांदे खाली येतात, मध्येच तो आपणहून अर्धं वाक्य बोलतो. उलट तो पुन्हा पुन्हा तुमच्याकडे बघत असेल, कसनुसं हसत असेल, उठायच्या बेतात असेल, तर त्याला तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लागत नाहीये. तिथे एक वाक्य टाका: "तुझं होऊ दे, मला कुठे जायचं नाहीये." खरंच जायचं असेल तर तसं सांगा: "माझ्याकडे दहा मिनिटं आहेत, ती इथेच बसतो. नंतर सहाला फोन करीन." दहा मिनिटं मनापासून दिलेली चालतात. चोरून घड्याळ बघत दिलेला तास चालत नाही.

एखादा पूर्ण प्रसंग सांगाल का?

ऑफिसमधली एक सहकारी आहे. तुमची ओळख "कसं काय, ठीक" इतकीच. दुपारी जिन्यातून उतरताना ती पायरीवर बसलेली दिसते. हातात फोन आहे, चेहरा भिंतीकडे वळलेला, आणि ती रडते आहे. तिने तुम्हाला पाहिलंय, त्यामुळे न पाहिल्यासारखं करून जाणं आता शक्य नाही.

दोन-तीन पायऱ्या अलीकडे थांबा, तिची वाट अडणार नाही असे. विचारा, "थांबू का इथे, की एकटं बसायचंय?" हा प्रश्न मुद्दाम असा ठेवलाय, की नुसती मान हलवून उत्तर देता यावं. "काय झालं?" याचं उत्तर देण्याइतका तिचा आवाज आत्ता तिच्या ताब्यात नाही. ती एकटं बसायचंय म्हणाली तर "बरं, मी वर माझ्या जागेवर आहे" म्हणून खरंच निघून जा. ती मान हलवून थांबायला सांगते, असं समजू. मग त्याच पायरीवर, थोडं अंतर ठेवून बसा. उभं राहिलात तर तिला मान वर करून बघावं लागेल. अगदी समोर बसलात तर तिला चेहरा लपवावासा वाटेल.

थोड्या वेळाने ती म्हणते, "काही नाही हो, होईल ठीक."

इथे बरेच जण सुटका झाल्यासारखं "हो, होईल होईल" म्हणतात आणि उठतात. तुम्ही फक्त "हं" म्हणा आणि बसून राहा. "काही नाही" हा बहुधा अंदाज घेण्याचा प्रकार असतो: याला खरंच ऐकायचंय का?

मग ती सांगते, "आईचे रिपोर्ट आले. चांगले नाहीत."

आता ते दुसरं वाक्य. "कोणत्या डॉक्टरांना दाखवताय?" हे माहिती गोळा करणं झालं. "आता उपचार खूप पुढे गेलेत" हा अहवाल न बघता दिलेला निर्वाळा. "माझ्या मावशीचंही असंच झालं होतं" म्हटलं की पुढची पाच मिनिटं मावशीची. त्याऐवजी: "आत्ताच कळलं तुम्हाला?"

"हो. भावाचा फोन होता. आणि तीन वाजता मीटिंग आहे, मी असा चेहरा घेऊन कशी जाऊ?"

आईचा आजार एवढा मोठा आणि ती बोलते आहे मीटिंगबद्दल, म्हणून चकित होऊ नका. मोठ्या बातमीत माणूस जवळची लहान गोष्ट धरतो, कारण तेवढीच आत्ता त्याच्या हाताशी असते. आणि ती तुम्हीही हातात घेऊ शकता. "मीटिंगचं माझ्यावर सोडा. काय सांगू त्यांना?" निर्णय तिच्याकडेच ठेवायचा. ती म्हणते, "तब्येत बरी नाही एवढंच सांगा." मग तेवढंच सांगायचं. रडत होती, आईचं असं झालं, हे साहेबांनाही नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही नाही.

शेवटी, "घरी कोण आहे आत्ता? जाताना सोबत हवी आहे?" आणि तिला तोंड धुवायला वेळ द्या. माणसांत परतण्याआधी ती पाच मिनिटं तिला हवी असतात.

एवढ्या प्रसंगात तुम्ही पाच-सहा छोटी वाक्यं बोललात. त्यातलं एकही सुविचार म्हणून भिंतीवर लावण्यासारखं नाही.

काय झालं ते विचारावं की नाही?

एकदा विचारायला हरकत नाही, उत्तराची सक्ती मात्र नको. "सांगायचं असेल तर ऐकतो, नसेल तरी बसतो" हे चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. ती आपत्तीत सापडलेल्यांना मदत करणाऱ्यांसाठी आहे, पण तिच्यातली एक सूचना इथेही लागू पडते: माणसाला त्याची हकिकत सांगायला भाग पाडू नका. "का" ने सुरू होणारे प्रश्नही टाळलेले बरे. "का रडतोयस?" यात नकळत जाब विचारल्याचा सूर येतो.

स्पर्श करावा का?

खात्री नसेल तर नको, किंवा विचारून. "हात धरू?" हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. न विचारताही चालेल अशी एक रीत म्हणजे आपला हात त्याच्या हाताजवळ नुसता ठेवायचा. हवा असेल तर तो धरतो, नको असेल तर काही बिघडत नाही. पाठीवर भराभर थोपटू नका. त्या थोपटण्यात "चला, झालं आता" असा निरोप असतो. स्थिर ठेवलेला हात वेगळा. मिठी मारली असेल तर सोडण्याचं काम समोरच्यावर ठेवा.

अनोळखी व्यक्ती, तुमच्या हाताखाली काम करणारी व्यक्ती, किंवा जिच्यावर कुणी हात टाकला आहे अशी व्यक्ती असेल, तर तिने आपणहून जवळ येईपर्यंत अंतर राखा.

रुमाल, पाणी?

रुमाल किंवा टिश्यू द्या, पण हातात कोंबू नका. नाकासमोर धरलेला रुमाल म्हणजे "पूस आता". हाताशी ठेवून द्या, लागेल तेव्हा घेतील. लागतोच, कारण डोळ्यांतलं पाणी आतल्या नळीतून नाकातही उतरतं. पाणी मात्र हुंदके ओसरल्यावर. श्वास तुटक असताना घोट घेतला की ठसका लागतो.

मीही अशातून गेलोय. ते सांगितलं तर त्याला एकटं वाटणार नाही, नाही का?

कधी कधी खरंच तसं होतं, म्हणून सरसकट नाही म्हणणार नाही. पण वेळ आणि लांबी सांभाळा. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये गप्पांमधल्या एका सवयीवर बोट ठेवलं: समोरच्याच्या बोलण्यावर आपण त्याचाच विषय पुढे नेणारं उत्तर देऊ शकतो, किंवा विषय हळूच आपल्याकडे वळवणारं. "मी समजू शकतो, माझ्या वेळी तर..." हे दुसऱ्या प्रकारचं. रडणारा माणूस सभ्यपणे ऐकून घेतो, आणि त्याचं राहून जातं.

तुमचा अनुभव एका वाक्यात मावत असेल आणि ते वाक्य संपताच चेंडू परत त्याच्याकडे जात असेल, तर सांगा. "माझे वडील गेले तेव्हा मला रात्री फार जड जायच्या. तुझ्या कशा जातात?" बाकी सगळं पुढच्या भेटीत, त्याने विचारलं तर.

तो स्वतःच विचारतोय, "मी काय करू सांग". मग तरी सल्ला देऊ?

थोडं थांबा. हुंदक्यांमध्ये विचारलेलं "मी काय करू?" हे बहुतेकदा प्रश्नाच्या रूपातलं हताश होणं असतं. "खरंच काही सुचेनासं झालंय ना?" असं म्हणून बघा. तो आणखी रडला किंवा बोलत सुटला तर सल्ला नको होता. त्याने डोळे पुसून "नाही, खरंच सांग, राजीनामा देऊ की नको?" असं विचारलं तर तो प्रश्न खरा आहे. तरीही नोकरी सोडणं, लग्न मोडणं, पैसे देणं-घेणं असे निर्णय त्या बैठकीत होऊ देऊ नका. त्या दिवशी ठरवायच्या गोष्टी म्हणजे आज रात्री कुठे झोपायचं, कुणाला फोन करायचा, एवढ्याच.

ऐकताना मलाच रडू आलं तर?

येऊ दे. डोळे भरून आल्याने काही बिघडत नाही, बऱ्याचदा त्याने समोरच्याला बरंच वाटतं. फक्त कोण कुणाला सावरतंय ते बघा. तो तुमचे डोळे पुसायला लागला, "तू नको ना वाईट वाटून घेऊ" म्हणायला लागला, तर क्षणभर बाजूला जाऊन या.

ती माझ्यामुळेच रडते आहे. आता?

हे सगळ्यात अवघड, कारण तोंडावर पहिलं येतं ते स्पष्टीकरण: "माझा तसा हेतू नव्हता." नसेलही. पण ती रडत असताना हेतू सांगितला की तिला आधी तुमची बाजू समजून घ्यावी लागते. "माझ्या बोलण्याने तुला लागलं, दिसतंय मला. तुझं पूर्ण ऐकायचंय." एवढं बोलून थांबा. तुमची बाजू खरी असली तरी ती तासाभरानेही खरीच राहील. माफी मागताना "माफ केलंस ना?" असं मात्र लगेच विचारू नका. तिचं रडणंही थांबलं नाही आणि तुम्ही तिच्याकडे काहीतरी मागताय.

आणि तिचा राग इतका असेल की तुम्ही समोर नकोच असाल, तर दुसरं कुणीतरी तिच्याजवळ आहे याची खात्री करून बाहेर जा.

फोनवर रडत असेल तर?

फोनवर शांतता दिसत नाही. पलीकडच्याला वाटतं फोन कट झाला, किंवा तुमचं लक्ष नाही. म्हणून मधून मधून "हं", "ऐकतोय", "ठेवत नाहीये फोन" असं बोलत राहा. चॅटवर कुणी "रडतोय" असं लिहिलं तर लांबलचक उत्तर लिहीत बसू नका. "फोन करू?" एवढं विचारा.

काळजी करण्यासारखं कधी?

श्वास फार भरभर होऊन बोटांना मुंग्या येत असतील तर सोबत सावकाश श्वास सोडायला लावा, आत घेण्यापेक्षा सोडणं लांब. छातीत दुखणं, भोवळ, बोलण्यात असंबद्धपणा असेल तर ते नुसतं रडणं समजू नका, डॉक्टरांकडे न्या. रोज रडू येतंय, झोप-भूक गेली आहे, कशात लक्ष लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्याचं सुचवा, आणि जमल्यास पहिल्या वेळी सोबत जा.

"जगून काय करायचं", "मी नसलेलंच बरं" असं काही ऐकू आलं तर त्यावरून घसरून जाऊ नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी हे उच्चारलं म्हणून अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" असेल तर "कसं, कधी, असं काही ठरवलंय का?" हेही विचारा. त्याला एकटं सोडू नका, ज्याने इजा होईल ते हाताशी राहू देऊ नका, आणि घरच्यांना, डॉक्टरांना किंवा आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला त्याच वेळी कळवा. "कुणाला सांगणार नाहीस ना?" या विनंतीला इथे हो म्हणायचं नाही.

शांत झाल्यावर "सॉरी, उगाच तमाशा केला" म्हणतात. यावर काय बोलू?

थोडक्यात. "सॉरी कशाबद्दल?" पुरे. "तमाशा कसला, रडणं किती नैसर्गिक आहे" असं भाषण सुरू केलं की त्याची लाज आणखी वाढते. यानंतर साध्या गोष्टीवर येऊ द्या. तो मध्येच हसला, कामाचं काही बोलला, तर पुन्हा दुःखाकडे ओढून आणू नका.

दुसऱ्या दिवशी विषय काढावा का?

काढा, पण रडण्याचा नाही. "काल तुम्ही फार रडत होतात" यापेक्षा "आईंचं आज कसं आहे?" हे बरं. चारचौघांत नको. समोरासमोर अवघड वाटत असेल तर दोन ओळींचा मेसेज करा आणि त्यात "उत्तर नाही दिलंत तरी चालेल" असं लिहा. "काही लागलं तर सांगा" हे कुणीही म्हणतं आणि त्यावर कुणी काही मागत नाही. त्याऐवजी एक ठरावीक गोष्ट पुढे करा: "गुरुवारी हॉस्पिटलला जाणार असाल तर दुपारचं काम मी बघू शकतो." आणि काल काही कबूल केलं असेल, तर विषय काढण्याआधी ते झालंय का ते पाहा.